लेकीच्या डाएट चार्टवरून स्वयंपाक: नवशिक्या बाबांसाठी

आमच्या घरात सकाळचा डबा माझ्याकडे आला तो हिच्या शिफ्टमुळे. ही सहाला घराबाहेर पडते, लेक साडेसहाला जिमला जाते आणि नऊला परस्पर ऑफिसला निघते. घरात उरतो मी, निवृत्त टूलरूमवाला, आणि माझी आई. तोवर मला चहा आणि मॅगी एवढंच येत होतं. लेकीने जिममधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडून आणलेला चार्ट फ्रीजला चिकटवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला मापं कळतात ना, मग हे जमेल तुम्हाला." जमलं. ज्यांनी आजवर गॅस फक्त बंद करायला हात लावला आहे अशा बाबांसाठी ते कसं जमलं, ते क्रमाने लिहितो.

लेकीचं वजन 60 किलो, आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलते. तिचा चार्ट असा: जिमनंतर दोन अख्खी अंडी, आणखी दोन अंड्यांचं पांढरं आणि एक केळं. दुपारी चिकन ब्रेस्ट 150 ग्रॅम, तांदूळ 60 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम, भाजी. संध्याकाळी 300 ग्रॅम दह्याचा चक्का आणि एक फळ. रात्री पनीर 80 ग्रॅम, कणीक 60 ग्रॅम, कोशिंबीर. दिवसभराचं तेल 20 ग्रॅम, त्यातलं 10 दुपारी. या सगळ्यातून तिला साधारण 95 ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास. व्यायामाने स्नायू वाढवू पाहणाऱ्यांना आहारतज्ज्ञ बरेचदा हाच आकडा धरून चार्ट देतात. तुमच्या मुलीचा चार्ट वेगळा असेल. आकडे तिचेच ठेवा, माझी फक्त रीत घ्या.

आधी चार्ट लेकीबरोबर बसून वाचा

गॅस पेटवायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: हे ग्रॅम कच्च्याचे की शिजलेल्याचे? सगळा खेळ इथे आहे. कच्चा तांदूळ शिजून पावणेतीन पटीच्या आसपास होतो, कारण तो पाणी पितो. चिकनचं उलटं, ते शिजताना पाणी सोडतं आणि 150 ग्रॅमचं 110 ते 115 ग्रॅम उरतं. चार्टमध्ये कच्चा तांदूळ 60 ग्रॅम लिहिलेला असताना तुम्ही शिजलेला भात 60 ग्रॅम वाढलात, तर लेकीच्या पानात खरं तर 21-22 ग्रॅम तांदूळच पडला. जिम करून आलेली पोर उपाशी राहते, चारला चिडचिड करते आणि ऑफिसखालचा वडापाव खाते. चिकनमध्ये चूक उलट्या दिशेने होते: शिजलेलं 150 ग्रॅम हवं असेल तर कच्चं 200 ग्रॅम घ्यावं लागतं.

चार्टवर काहीच लिहिलेलं नसेल तर अंदाज करू नका, बाईंना मेसेज करून विचारायला सांगा. उत्तर आलं की चार्टवरच पेनाने "सगळं कच्चं" असं मोठ्या अक्षरात लिहून टाका. आमचा चार्ट सगळा कच्च्याचा आहे. स्वयंपाक करणाऱ्याला तेच सोयीचं पडतं, कारण डाळ पातळ झाली की घट्ट, यावर वजन बदलतं, पण कच्ची डाळ 30 ग्रॅम ती 30 ग्रॅमच.

त्याच बैठकीत तेल आणि साखर कुठे धरली आहे ते विचारून घ्या. चहातली साखर आणि दूध बहुतेकांच्या चार्टमधून सुटलेलं असतं.

लागणारं सामान

डिजिटल काटा हवा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत झेपणारा. पातेलं भरलेलं असताना त्याचं वजन करायचं असतं, म्हणून छोटा काटा घेऊ नका. जाड बुडाचा तवा, फोडणीचं छोटं कढलं आणि एक घट्ट झाकणाचा डबा. बाकी घरात असतंच.

काट्यावर शून्य करायचं बटण असतं, त्यावर TARE किंवा नुसतं T लिहिलेलं असतं. रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो, मग तांदूळ घालायचा. दिसेल तो आकडा फक्त तांदळाचा.

याच बटणाने तेल मोजायची एक युक्ती आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. तेलाची अख्खी बाटली काट्यावर ठेवा आणि शून्य करा. आता बाटली उचलून कढईत तेल घाला आणि परत काट्यावर ठेवा. काटा उणे 5 दाखवेल, तर तुम्ही 5 ग्रॅम तेल घातलंत. चमचे भरायला नकोत, धुवायला नकोत. तेलाबाबत एवढी काळजी का, तर एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, प्रोटीनमध्ये आणि पिष्टात 4. पळी जरा कलती झाली आणि 20 ग्रॅम तेल जास्त पडलं तर 180 कॅलरी वाढल्या. ही 60 ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्यांच्या जवळपासची रक्कम आहे, आणि पानात ती कुठेच दिसत नाही.

म्हणून माझा नियम असा. तेल, तूप, दाणे, खोबरं, पनीर हे ग्रॅमवर मोजायचं. तांदूळ, कणीक, डाळ, चिकन यांत पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. काकडी, टोमॅटो, पालेभाजी, दुधी, कोबी यांना काटा दाखवायचीही गरज नाही, वाटी भरून घाला. टूलरूममध्येही प्रत्येक मापाला सारखीच टॉलरन्स नसायची.

एकाच पातेल्यात सगळ्यांचं शिजवायचं कसं

नवशिके इथे घाबरतात आणि मुलीसाठी वेगळी डाळ, वेगळा भात, वेगळी भाजी लावायला घेतात. आठवड्यात कंटाळा येतो आणि चार्ट बाजूला पडतो. त्यापेक्षा घरातलंच वरण सगळ्यांचं एकत्र करा आणि तिचा वाटा हिशेबाने काढा.

उदाहरण घ्या. आम्ही तिघे जेवणार, तूरडाळ 90 ग्रॅम घेतली. लेकीच्या वाट्याची 30, म्हणजे एक तृतीयांश. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवलं: 580 ग्रॅम. आमच्या पातेल्यांची वजनं मी कपाटाच्या दाराला आतून लिहूनच ठेवली आहेत. कुकरमध्ये शिजलेली डाळ पातेल्यात घोटली, पाणी, मीठ, गूळ, चिंच घातलं, 9 ग्रॅम तेलाची मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी दिली आणि उकळी आणली. पातेल्यासकट वजन भरलं 1210. त्यातून 580 गेले, आमटी झाली 630 ग्रॅम. तिचा तिसरा हिस्सा 210 ग्रॅम. तेवढी आमटी डब्यात भरली की त्यात 30 ग्रॅम डाळ आणि 3 ग्रॅम तेल आपोआप आलं. आमटी पातळ केली असती तर एकूण वजन वाढलं असतं, तिचा वाटाही वाढला असता, पण डाळ तेवढीच राहिली असती.

भाताला हाच हिशेब. तिचा तांदूळ 60, आईचा आणि माझा मिळून 100, एकूण 160. भात झाला 448 ग्रॅम. 448 ला 60 ने गुणायचं आणि 160 ने भागायचं: 168 ग्रॅम. कणकेलाही हाच. 300 ग्रॅम कणीक 180 ग्रॅम पाण्यात मळली तर गोळा 480 ग्रॅमचा. तिची कणीक 60 म्हणजे पाचवा हिस्सा, 96 ग्रॅम. 48 ग्रॅमचे दोन उंडे बाजूला काढले, तिच्या दोन पोळ्या झाल्या. उंड्यात तेल लावून घडी घालत असाल तर ते तेल रात्रीच्या हिशेबात धरा. तिला मी फुलके करतो, म्हणजे तो प्रश्नच मिटतो.

आई पहिल्यांदा काटा बघून म्हणाली, "सोनं जोखतोयस का रे?" आता तीच मला पातेल्याची वजनं आठवून देते.

एक सावधगिरी. लेकीचा वाटा फोडणी नीट मिसळल्यावर, ढवळून काढा. तेल वर तरंगत असताना वरवरची आमटी डब्यात भरली तर तेलाचा हिशेब चुकतो, आणि तळाची डाळ आपल्या ताटात येते.

चिकन ब्रेस्ट, न सुकवता

चार्टवर सगळ्यात जास्त प्रोटीन इथून येतं, 150 ग्रॅममधून साधारण 34 ग्रॅम, आणि सगळ्यात जास्त पोरी कंटाळतात तेही इथेच. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते. रस्श्यातल्या तंगडीसारखं त्याला अर्धा तास शिजवलं की तंतू आवळले जातात, पाणी निघून जातं आणि घास तोंडात फिरत राहतो.

खाटकाकडून हाड आणि कातडी काढलेला तुकडा आणा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. सवयीने आपण धुतोच, पण त्या पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू पसरतात. जंतू मरतात ते नीट शिजवल्यावरच. तुकडा कागदाने टिपून घ्या. चिकनसाठी पाट आणि सुरी वेगळी ठेवा, काम झालं की हातासकट साबणाने धुवा.

ब्रेस्ट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता असतो. तसाच तव्यावर टाकला तर निमुळतं टोक करपतं आणि जाड भाग आत कच्चा राहतो. म्हणून सुरी आडवी धरून जाड भाग मधून चिरा आणि पुस्तकासारखा उघडा. सगळीकडे साधारण दीड सेंटिमीटर जाडी यायला हवी. वजन करा. मग दोन चमचे दही, आलं-लसणाचा ठेचा, हळद, थोडं लाल तिखट, मीठ लावून अर्धा तास तरी ठेवा. रात्रीच लावून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी वेळ वाचतो.

तवा मध्यम आचेवर तापू द्या. 4 ग्रॅम तेल पसरा, तुकडा ठेवा आणि हात आवरा. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा तव्यापासून आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटा, आणखी चार मिनिटं, शेवटची दोन झाकण ठेवून. मग ताटलीत काढून पाच मिनिटं तसाच राहू द्या. लगेच कापला तर रस पाटावर वाहून जातो.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्यात जाड ठिकाणी चीर द्या. आत गुलाबी दिसायला नको, बाहेर येणारा रस स्वच्छ हवा. बोटाने दाबल्यावर कच्चं चिकन मऊ गिळगिळीत लागतं, झालेलं घट्ट पण लवचीक, आणि रबरासारखं टणक लागलं तर जास्त झालं. खात्री हवी असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, मध्यभागी 74 अंश सेल्सिअस आले की गॅस बंद. मी दोनेक आठवडे तो वापरला, नंतर बोटाला कळायला लागलं.

लेक पहिला घास खाऊन म्हणाली, "बाबा, हे जिमवालं चिकन वाटतच नाही." त्यात जादू काही नव्हती. जाडी सारखी होती आणि चिकन वेळेवर उतरवलं होतं.

कमी तेलात आपली चव

दुपारच्या 10 ग्रॅममधले 3 आमटीत गेले, 4 चिकनला, भाजीच्या वाट्याला आले 3. एवढ्या तेलात मोठ्या कढईत फोडणी होत नाही. तेल पसरतं, मोहरी कोरडीच करपते. म्हणून छोटं कढलं. त्यात तेल एका जागी साचतं, मोहरी तडतडते, हिंग फुलतो. भाजी आधी झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून वाफेवर शिजवायची आणि ही फोडणी वरून द्यायची. तेल वरच राहिल्याने वास आणि चव पूर्ण मिळते. गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला अर्धा चमचा घातला तर कॅलरीत फरक नगण्य, चवीत मोठा. लिंबू, कोथिंबीर, ताक, चिंच, आमसूल यांना तर मोकळीक आहे.

मोकळीक नाही ती दाण्याच्या कुटाला. आपल्याकडे कूट हे मसाल्यासारखं वापरलं जातं, आणि शेंगदाण्यात प्रोटीन असतं हेही खरं. पण शंभर ग्रॅम दाण्यांत प्रोटीन 25 ग्रॅम आणि तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोशिंबिरीत घातलेल्या 10 ग्रॅम कुटात सुमारे 57 कॅलरी, म्हणजे एक चहाचा चमचा तेल आणि वर थोडं. मी कूट बंद केलं नाही, कूट नसलेली काकडीची कोशिंबीर मला पटत नाही. फक्त 10 ग्रॅम कूट घातलं की त्या जेवणातून 5 ग्रॅम तेल कमी करतो.

चक्का सोपा आहे. रात्री 300 ग्रॅम दही पातळ फडक्यात बांधून, खाली वाडगं ठेवून फ्रीजमध्ये टांगा. बाहेर टांगलं तर उन्हाळ्यात आंबट होतं. सकाळी जिरेपूड, सैंधव, किसलेली काकडी घालून डब्यात भरा. लेक म्हणेल तेव्हा साखरेऐवजी आंब्याची एक फोड. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यातच कणीक भिजवा.

जिथे चार्ट आणि पंचांग जुळत नाही

आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात मांसाहार नाही, अंडीही नाहीत. चिकनमधलं 34 ग्रॅम प्रोटीन कुठून तरी आणायचं असतं. कोरडे सोया चंक्स शंभर ग्रॅमला 52 ग्रॅम प्रोटीन देतात, म्हणजे हिशेबाने 65 ग्रॅम पुरतील. पण फुगल्यावर ते केवढे होतात ते एकदा बघा, आणि पोट फुगतं ते वेगळंच. आम्ही बाईंना विचारून 40 ग्रॅम सोया आणि 70 ग्रॅम पनीर असं ठरवून घेतलं. सोया उकळत्या मिठाच्या पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून मगच मसाल्यात टाकायचे, नाहीतर कच्चट वास जात नाही. पनीरमध्ये प्रोटीनइतकंच, कधी जास्तच, फॅट असतं, म्हणून त्या दिवशी ते तेलाशिवाय तव्यावर नुसतं शेकायचं.

अंड्यांच्या जागी मूगडाळीचं धिरडं करतो. 50 ग्रॅम डाळीत साधारण 12 ग्रॅम प्रोटीन येतं, अंड्यांपेक्षा कमी, ते संध्याकाळच्या दह्यातून भरून काढायचं. उपासाला साबुदाण्याची खिचडी केली तर तिच्यात प्रोटीन आहे ते फक्त दाण्याचं, साबुदाणा नुसतं पिष्ट. लेक त्या दिवशी जिमला हलका व्यायाम करते आणि सोबत दही जास्त घेते. हा निर्णय तिचा.

डबा आणि उरलेलं

चिकन आणि भात गरम असतानाच डबा बंद करू नका, वाफ धरते आणि दुपारपर्यंत वास येतो. दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. शिजवलेलं चिकन फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, म्हणून एका वेळी दोन दिवसांचं करायला हरकत नाही. भात मात्र ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. उरला तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

बाबांनी कुठे थांबायचं

मोजणं आपलं, आकडे ठरवणं आपलं नाही. "थोडा भात कमी करू का, लवकर बारीक होशील" असं मी कधी म्हणत नाही, आणि तिच्या ताटातली पोळी वाढवतही नाही. तिला भूक लागत असेल तर ती बाईंशी बोलते आणि चार्ट बदलतो. तिच्या शरीरावर शेरे मारणं तर पूर्ण वर्ज्य.

पण लक्ष ठेवणं आपलं काम आहे. मुलगी सतत थकलेली दिसत असेल, चक्कर येत असेल, केस खूप गळत असतील, वारंवार दुखापत होत असेल, किंवा पाळी लांबत किंवा थांबत असेल, तर व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता असते. पाळीबद्दल माझ्याशी नाही तर आईशी बोलेल, म्हणून हिला मी ही यादी आधीच सांगून ठेवली आहे. अशा वेळी चार्ट बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. मुलगी काटा बघितल्याशिवाय घासच घेईना, घरच्यांबरोबर जेवायचं टाळायला लागली, तर काटा काही दिवस कपाटात ठेवून द्या आणि तेही डॉक्टरांना सांगा. आणि लेकीच्या चार्टवर घरातल्या सगळ्यांना बसवू नका. माझ्या आईला मूत्रपिंडाचा त्रास आहे, तिला प्रोटीन किती चालतं ते तिचे डॉक्टर ठरवतात. ती आमटी खाते, चिकन-पनीरच्या वाटेला जात नाही.

चार्ट दर महिना-दीड महिन्याने बदलतो. नवा आला की जुना फ्रीजवरून काढून टाका, दोन्ही शेजारी लावले की घाईत जुनंच माप घेतलं जातं. कच्चं की शिजलेलं, हे परत विचारा. मग 160 ऐवजी 180 तांदूळ लावायचा असेल तर तिचा नवा वाटा काढून कपाटाच्या दारावर, पातेल्यांच्या वजनाखाली लिहून ठेवा.